व्हिसा मिळाला, पण प्रवास लांबला

आनेकल तालुक्यातल्या चंदापुरा, अत्तिबेले, बोम्मसंद्र या पट्ट्यात इलेक्ट्रॉनिक सिटीच्या नोकऱ्यांमुळे स्थिरावलेली मराठी घरं आहेत. अशा घरांतलं कुणी ना कुणी परदेशात असतं. मग उन्हाळ्यात आईवडिलांनी लेकीकडे किंवा लेकाकडे जायचं ठरतं. महिना-दीड महिना कागद जमवण्यात जातो, बोटांचे ठसे दिले जातात आणि एके दिवशी पासपोर्टात व्हिसाचं स्टिकर चिकटून येतं. आणि नेमकं तेव्हाच काहीतरी आडवं येतं. घरातलं माणूस पडतं, रजा रद्द होते, विमान कंपनी उड्डाणच रद्द करते. अशा वेळी सगळ्यांच्या तोंडी एकच प्रश्न असतो: व्हिसाची तारीख बदलून मिळते का?

शेंगेन व्हिसापुरतं उत्तर सरळ आहे. दिलेल्या स्टिकरवरची तारीख पुढे सरकवून मिळत नाही. पण प्रवास पुढे गेला म्हणून व्हिसा वाया गेलाच, असंही नाही. बऱ्याचदा त्याच व्हिसावर, थोड्या उशिरा, पूर्ण मुक्कामासह जाता येतं. कधी जाता येतं पण दिवस कापले जातात. आणि कधी नवा अर्ज करण्यावाचून गत्यंतर नसतं. या तीनपैकी आपण कुठे बसतो हे स्टिकर समोर ठेवून पाच मिनिटांत काढता येतं. तिकिटाला हात लावायच्या आधी ते काढायला हवं.

स्टिकरवरच्या तीन गोष्टी

शेंगेन स्टिकरवर दोन तारखा असतात. पहिली, ज्या दिवसापासून प्रवेश करता येतो ती. दुसरी, ज्या दिवसापर्यंत बाहेर पडायलाच हवं ती. या दोन तारखांमधला काळ ही व्हिसाची मुदत. त्याशिवाय एक आकडा असतो तो मुक्कामाच्या दिवसांचा. आणि तिसरी नोंद प्रवेश किती वेळा करता येईल याची. एकदाच जाता येत असेल तर तिथे 01 असं छापलेलं असतं.

घोळ होतो तो मुदत आणि मुक्काम यांच्यात. स्टिकरवर पस्तीस दिवसांची मुदत दिसली की पस्तीस दिवस राहता येतं असं लोक धरून चालतात. तसं नसतं. मुदतीच्या आत कधीही जाता येतं, पण राहता येतं ते मुक्कामाच्या आकड्याइतकंच. आणि मुक्कामाचे दिवस शिल्लक असले, तरी मुदतीची शेवटची तारीख ओलांडता येत नाही. दोन्ही अटी एकाच वेळी पाळाव्या लागतात. मुक्काम मोजताना उतरण्याचा दिवसही धरतात आणि निघण्याचा दिवसही.

आता मुदत मुक्कामापेक्षा जास्त का असते? युरोपीय संघाच्या व्हिसा संहितेतच तशी तरतूद आहे. एकदाच प्रवेशाचा व्हिसा देताना मुक्कामाच्या दिवसांवर पंधरा दिवसांची सवड धरली जाते. प्रवास थोडा मागेपुढे होणार हे कायदा करणाऱ्यांनी गृहीत धरलेलं आहे. ही सवड माहीत नसल्यामुळे कितीतरी कुटुंबं आठ-दहा दिवसांच्या बदलासाठी नव्या अर्जाची फी भरायला निघतात.

एक उदाहरण, तारखांसह

उदाहरणादाखल चंदापुऱ्यातलं एक जोडपं धरू. मुलगी म्युनिकला असते. 10 मे ते 29 मे असा वीस दिवसांचा बेत सांगून त्यांनी जर्मनीचा व्हिसा घेतला. स्टिकरवर मुदत आली 10 मे ते 13 जून, मुक्काम 20 दिवस, प्रवेश 01. वीस दिवस अधिक पंधरा दिवसांची सवड, हिशेब चोख बसतो. मेच्या पहिल्या आठवड्यात घरातल्या आजी न्हाणीघरात घसरून पडल्या, खुब्याचं हाड मोडलं आणि शस्त्रक्रिया ठरली. 10 मेला निघणं शक्य नाही.

इथे सगळ्यात आधी एकच तारीख काढायची: पूर्ण मुक्काम मिळवायचा तर उशिरात उशिरा कोणत्या दिवशी उतरता येईल? 13 जूनपासून उलटं मोजायचं. 1 ते 13 जून हे तेरा दिवस, आणि मेचे शेवटचे सात दिवस म्हणजे 25 ते 31 मे. तेरा आणि सात, वीस. म्हणजे 25 मेला म्युनिकमध्ये उतरलं तरी वीसही दिवस पदरात पडतात. ही 25 मे तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवावी. पुढचे सगळे निर्णय तिच्याभोवती फिरतात.

आजींची शस्त्रक्रिया नीट झाली, धाकटा मुलगा गावाहून सोबतीला आला आणि जोडपं 23 मेला उतरलं, तर 11 जूनपर्यंत राहता येईल. व्हिसाला धक्काही लागत नाही. 1 जूनला उतरलं, तर 13 जूनपर्यंत तेराच दिवस मिळतील. स्टिकरवर वीस छापलेले असले तरी उरलेले सात दिवस गेले. 10 जूनला उतरलं, तर हातात चार दिवस. आणि जुलैचा विचार असेल, तर हा व्हिसा तिथे संपला.

मोजताना एक चूक हमखास होते. बेंगळुरूहून युरोपला जाणारी बरीच विमानं मध्यरात्रीनंतर सुटतात. 25 तारखेला पहाटे तीनचं विमान असेल, तर आनेकलकडच्या माणसाला 24 तारखेच्या रात्रीच घर सोडावं लागतं. अख्खं शहर ओलांडून देवनहळ्ळीला पोचायचं असतं. घरातल्या बोलण्यात प्रवास '24 तारखेचा' होऊन जातो आणि तीच तारीख हिशेबात शिरते. व्हिसाच्या हिशेबात घर सोडण्याची तारीख येत नाही आणि बेंगळुरूहून उड्डाणाचीही नाही. शेंगेन देशाच्या इमिग्रेशन खिडकीपाशी प्रवेशाची नोंद होते तो पहिला दिवस, आणि बाहेर पडल्याची नोंद होते तो शेवटचा.

ही खिडकी कोणत्या विमानतळावर येते हेही तिकीट बदलताना पाहावं. दुबई किंवा दोहामार्गे गेलं, तर प्रवेशाची नोंद म्युनिकला होते. पॅरिसमार्गे गेलं, तर ती पॅरिसलाच होते, कारण तिथून म्युनिक हा शेंगेनच्या आतला प्रवास. परतताना याच्या उलट. म्हणून 13 जून ही शेवटची तारीख असताना 13च्या रात्री उशिराचं किंवा 14च्या पहाटेचं विमान घेऊ नये. एक उड्डाण लांबलं आणि बारा वाजून गेले, तर मुदत ओलांडल्याची नोंद होऊ शकते. 12 ऑक्टोबर 2025पासून युरोपने टप्प्याटप्प्याने आत-बाहेर नोंदीची संगणकीय पद्धत सुरू केली आहे. पासपोर्टवरच्या शिक्क्याऐवजी ठसे, चेहरा आणि तारखा यंत्रात जातात. शिक्का पुसट आला म्हणून एखादा दिवस नजरेतून सुटण्याचे दिवस आता संपले.

त्याच व्हिसावर जायचं तर

नव्या तारखा मुदतीत बसत असतील, तर वाणिज्य दूतावासाची परवानगी मागावी लागत नाही. पण व्हिसा देताना दाखवलेले कागद जुन्या तारखांचे असतात आणि सीमेवरचा अधिकारी ते पुन्हा विचारू शकतो. व्हिसा हातात असणं म्हणजे प्रवेशाची हमी नव्हे, हे व्हिसा संहितेतच लिहिलेलं आहे. कशासाठी आलात, कुठे राहणार, परत कधी जाणार, खर्च कोण करणार, हे अधिकारी विचारतो आणि उत्तराला कागदाचा आधार लागतो.

म्हणून नवं परतीचं तिकीट, राहण्याच्या जागेचा नव्या तारखांचा पुरावा आणि मुलीकडे उतरणार असाल तर तिचं नव्या तारखांचं निमंत्रणपत्र, इतकं छापून हातातल्या पिशवीत ठेवावं. सामानाच्या बॅगेत गेलेला कागद इमिग्रेशनच्या रांगेत उपयोगाचा नसतो. तारखा का बदलल्या हे सांगणारा एखादा कागद सोबत असावा. आजींच्या बाबतीत रुग्णालयाच्या डिस्चार्ज समरीची प्रत पुरे.

सगळ्यात जास्त विसरला जातो तो प्रवास विमा. शेंगेनसाठी किमान 30,000 युरोचं वैद्यकीय संरक्षण मुक्कामाच्या पूर्ण काळासाठी लागतं. 10 ते 29 मेची पॉलिसी घेऊन 23 मेला उतरणाऱ्या माणसाकडे सातच दिवसांचं संरक्षण उरतं, 30 मेपासून तो विम्याशिवाय असतो. पॉलिसीच्या तारखा बदलून घ्यायच्या तर पॉलिसी सुरू होण्याआधी कंपनीला लेखी कळवायला हवं. 10 मे उजाडली की पॉलिसी चालू झाली असं धरलं जातं आणि मग बदल करून घेणं अवघड होऊन बसतं. त्यामुळे प्रवास पुढे जाणार हे कळताच पहिला निरोप विमा कंपनीला जावा. विमान कंपनीचा नंबर त्यानंतर.

बेत बदलताना देश बदलू नये. शेंगेनचा अर्ज मुख्य मुक्कामाच्या देशाकडे करायचा असतो, म्हणजे जिथे सर्वात जास्त दिवस राहायचं त्या देशाकडे. जर्मनीत वीस दिवस लेकीकडे राहतो असं सांगून व्हिसा घेतला आणि उशीर झाल्यावर तीन दिवस म्युनिक, दहा दिवस पॅरिस-रोमची सहल असा नवा बेत आखला, तर सीमेवर अडचण येऊ शकते. व्हिसा ज्या अटींवर दिला त्या राहिल्या नाहीत असं वाटलं, तर तो तिथेच रद्द करण्याचा अधिकार अधिकाऱ्यांना असतो. दोन दिवस साल्झबर्ग पाहून येण्याने काही बिघडत नाही. मुख्य मुक्काम मात्र जर्मनीतच राहावा.

मुदतीबाहेर गेलं तर

आता जुलैनंतरचा विचार करू. आजींना चालायला लागायला वेळ लागला आणि जोडप्याने सप्टेंबरात जायचं ठरवलं. जुन्या व्हिसाची फी परत मिळत नाही आणि ती नव्या अर्जात वळतीही होत नाही. जून 2024पासून प्रौढांसाठी ही फी 90 युरो आहे, सहा ते बारा वर्षांच्या मुलांसाठी 45. अर्ज स्वीकारणाऱ्या केंद्राचे सेवाशुल्क वेगळे. म्हणजे नवा अर्ज हा सर्वार्थाने नवा खर्च आहे.

तो करायची घाई मात्र नको. प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज घेतले जातात आणि किमान पंधरा दिवस आधी तो द्यावाच लागतो. 5 सप्टेंबरला उतरायचं असेल, तर 5 मार्चनंतर केव्हाही अर्ज चालतो. म्हणजे मेमध्ये जुन्या व्हिसाची मुदत चालू असतानाही सप्टेंबरसाठी अर्ज करता येतो, कारण दोन मुदती एकमेकांवर येत नाहीत. त्या एकमेकांवर येत असतील, उदाहरणार्थ 8 जून ते 30 जून असा बेत केला, तर जुना व्हिसा आधी रद्द करावा लागतो. एकाच काळासाठी दोन शेंगेन व्हिसा ठेवता येत नाहीत. व्हिसाधारकाने स्वतः मागणी केली तर व्हिसा रद्द करण्याची सोय संहितेच्या 34व्या कलमात आहे. वापरलाच नाही, प्रवास रद्द झाला, असं दोन ओळींचं पत्र वाणिज्य दूतावासाला पाठवून पोच जपून ठेवावी. आपण होऊन मागणी करून झालेलं हे रद्द होणं म्हणजे नकार नव्हे. त्याची भीती बाळगण्याचं कारण नाही.

नव्या अर्जात काय नवं आणि काय जुनं चालतं? बँकेचे उतारे, रजेचं पत्र, तिकीट, विमा हे सगळं ताजं लागतं. जर्मनीतली मुलगी खर्चाची जबाबदारी घेणारी औपचारिक हमी तिथल्या परदेशी नागरिक कार्यालयातून देत असेल, तर ती सहा महिन्यांपेक्षा जुनी नसावी. मेच्या प्रवासासाठी जानेवारीत काढलेली हमी सप्टेंबरसाठी शिळी झालेली असते. तिला नवी काढायला सांगावी लागते, आणि तिथे भेटीची वेळ मिळायला आठवडे लागू शकतात. दोन्हीकडची तयारी एकाच वेळी सुरू केली तर धावपळ होत नाही. बोटांचे ठसे मात्र 59 महिने यंत्रात राहतात आणि त्या काळात तेच पुन्हा वापरता येतात. अर्जात आधी ठसे कधी दिले आणि आधीच्या स्टिकरचा क्रमांक काय, हा रकाना असतो. तो जुन्या स्टिकरवरून भरावा.

सोबत एक पानाचं पत्र जोडावं. अमुक क्रमांकाचा व्हिसा मिळाला होता, अमुक कारणाने प्रवास झाला नाही, तिकीट अमुक दिवशी रद्द केलं, आता अमुक तारखांना जायचं आहे. त्याला डिस्चार्ज समरी आणि तिकीट रद्द झाल्याची पावती. न वापरलेला व्हिसा लपवण्यात काहीच अर्थ नसतो. तो युरोपच्या सामायिक व्हिसा नोंदीत आहे आणि अर्ज तपासणाऱ्याला दिसतोच. कारण स्वच्छ सांगितलं की तो प्रश्न तिथेच मिटतो.

न वापरलेल्या व्हिसाचा तोटा वेगळ्याच ठिकाणी होतो. 18 एप्रिल 2024ला युरोपीय आयोगाने भारतात राहणाऱ्या भारतीय नागरिकांसाठी नवी सवलत लागू केली. मागच्या तीन वर्षांत दोन शेंगेन व्हिसा मिळवून नियमाने वापरले असतील, तर पुढचा व्हिसा दोन वर्षांचा, अनेकदा प्रवेशाचा मिळू शकतो, आणि त्यापुढचा पाच वर्षांचा. यात 'वापरले' हा शब्द महत्त्वाचा आहे. चंदापुऱ्याच्या जोडप्याचा मेमधला व्हिसा या हिशेबात धरला जाणार नाही. मुलगी तिथे असल्यामुळे दरवर्षी जाणाऱ्या घरांनी एवढं लक्षात ठेवावं: 1 जूनला उतरून तेराच दिवस मिळत असले, तरी ती फेरी खरी आणि सांगितलेल्या कारणासाठीच असेल, तर ती मोजली जाते.

तिथे गेल्यावर अडकलं तर

मुदत वाढवून मिळण्याचा एकच प्रसंग आहे, आणि तो शेंगेनच्या आत पोचल्यावरचा. विमानं बंद पडली, अपघात झाला, रुग्णालयात दाखल व्हावं लागलं, अशा टाळता न येणाऱ्या कारणांसाठी मुदतवाढ विनाशुल्क देता येते. गंभीर वैयक्तिक कारण असेल तर 30 युरो फी लागते. अर्ज त्या देशातल्या स्थानिक कार्यालयात, आणि मुदत संपण्याच्या आत करावा लागतो. एप्रिल 2010मध्ये आइसलंडच्या ज्वालामुखीच्या राखेने युरोपचं आकाश बंद पडलं, तेव्हा अडकलेल्या प्रवाशांना अशाच तरतुदींचा आधार होता. इथे भारतात बसलेल्या माणसाला ही तरतूद लागू होत नाही.

मार्च 2020मध्ये याचा अनुभव घरोघरी आला. 22 मार्चपासून भारतात येणारी आंतरराष्ट्रीय प्रवासी विमानं थांबली आणि पाडव्यानंतरच्या उन्हाळी सहली एकगठ्ठा रद्द झाल्या. एप्रिल-मेचे पर्यटन व्हिसा पासपोर्टात तसेच पडून संपले आणि पुढे जाण्यासाठी लोकांना नव्याने अर्ज करावे लागले. शिक्षण किंवा नोकरीसाठी दीर्घ मुदतीचा राष्ट्रीय व्हिसा घेतलेल्यांसाठी जर्मनीने सोप्या पद्धतीने नवा व्हिसा देण्याची सोय केली होती. लांब मुदतीचा आणि छोट्या मुदतीचा व्हिसा यांतला हा फरक अडचणीच्या वेळी विचारून घ्यावा.

बाकीचे देश

इतर देशांत हिशेबाची जागा बदलते. जपानचा एकदाच प्रवेशाचा व्हिसा दिल्यापासून तीन महिन्यांत वापरावा लागतो आणि तो वाढवून मिळत नाही. चेरी फुलण्याचा हंगाम हुकला आणि शरदात जायचं ठरलं, तर नवा अर्ज आलाच. व्हिएतनामच्या ई-व्हिसावर अर्जात लिहिलेली सुरुवातीची तारीखच छापून येते आणि तिच्या आधी प्रवेश मिळत नाही. तिथे प्रवास अलीकडे ओढला तर पंचाईत होते. ऑस्ट्रेलियाच्या पर्यटन व्हिसाच्या पत्रात अमुक तारखेनंतर प्रवेश करता येणार नाही अशी नोंद असते, त्या तारखेच्या आत जायचं.

अमेरिकेचा दहा वर्षांचा पर्यटन व्हिसा असेल, तर तारखा बदलल्याने काहीच करावं लागत नाही. व्हिसा संपण्याच्या दिवसापर्यंत केव्हाही उतरता येतं आणि किती दिवस राहायचं ते उतरल्यावर ठरतं. प्रवास लांबेपर्यंत पासपोर्टच संपला आणि नवा काढावा लागला, तर जुना फेकू नये. त्यातला व्हिसा शाबूत असेल तर दोन्ही पासपोर्ट सोबत नेऊन त्यावर प्रवेश मिळतो. विद्यार्थ्यांचं मात्र वेगळं आहे. सत्र पुढे ढकललं तर विद्यापीठाकडून नव्या तारखेचा आय-20 मागवून मगच तिकीट काढावं, कारण अभ्यासक्रम सुरू होण्याच्या तारखेपूर्वी तीस दिवसांच्या आतच पहिला प्रवेश मिळतो आणि ती तारीख आय-20वरची धरली जाते.